पारा तीनवर, रस्ता शून्याखाली

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका काउंटीच्या रस्ते विभागात मी नोकरी करते. ऑक्टोबर उजाडला की एप्रिलपर्यंत आमच्या खोलीत रोज दुपारी एकच चर्चा असते: आज रात्री रस्त्यांवर मीठ टाकायचं की नाही? टाकायचं तर किती, आणि किती वाजता? हा निर्णय घेता घेता थंडीबद्दल जे काही कळत गेलं, ते इथे मांडते आहे. मी वाईची. लहानपणी थंडी म्हणजे शेकोटी आणि सकाळची धुक्याची कृष्णामाई. डांबरावर बसणारा बर्फ मला इथेच भेटला.

१. हवेचं तापमान हवेपुरतंच असतं.

वाक्य अगदी साधं आहे, पण ते मनात मुरायला वेळ लागतो. बातम्यांमध्ये ‘आज किमान तापमान ३ अंश’ असं सांगतात, तेव्हा तो आकडा कुठून येतो? पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पट्ट्या असलेल्या एका लाकडी पेटीतून. पेटी गवतावर उभी असते आणि आतला थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर टांगलेला असतो. ऊन थेट लागू नये, आभाळाकडे उष्णता निसटू नये, वारा मात्र आतून खेळता राहावा, अशी तिची रचना असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते, आणि कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. त्या पेटीचं कामच असं की आजूबाजूच्या पृष्ठभागांचा प्रभाव टाळून फक्त हवा मोजायची. ते काम ती चोख करते. रस्त्याबद्दल ती काही सांगत नाही, कारण तिला ते विचारलेलंच नसतं.

गाडीतल्या काट्याचंही तसंच. त्याचा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या मागे नाहीतर आरशाच्या खाली असतो. तोही हवाच मोजतो, आणि सिग्नलला गाडी थांबली की इंजिनाची ऊब लागून आकडा वर सरकतो. पारा ३ किंवा ४ अंशांवर आला की पुष्कळ गाड्या ‘टिंग’ करून हिमकणाचं चित्र दाखवतात. पारा तर शून्याच्या वर आहे, मग गाडी घाबरते कशाला, असं मला कितीतरी जणांनी विचारलं आहे. चाकाखाली काय आहे ते गाडीला माहीत नसतं, म्हणून तिने हे तीन-चार अंश हाताशी राखून ठेवलेले असतात.

२. रस्ता गार होतो तो हवेमुळे नाही, आभाळामुळे.

या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चकित केलं. गार हवा रस्त्याला गार करते, असं आपण धरून चालतो. निरभ्र रात्री नेमकं उलट घडतं. आधी रस्ता गार होतो, मग त्याला टेकलेली हवा गार होते, आणि तो गारवा हळूहळू वर चढतो. म्हणून सव्वा मीटरवरचा थर्मामीटर रस्त्याच्या मागे रेंगाळत असतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अदृश्य उष्णता बाहेर टाकत असते. शून्य अंशावरचं डांबर दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॉट वर पाठवतं. स्वच्छ, कोरडं हिवाळी आभाळ त्यातले सव्वादोनशेच्या आसपास परत देतं. म्हणजे रात्रभर चौरस मीटरमागे ७०-८० वॉटची गळती. ढग आले की मात्र रस्त्यावर गोधडी पडते. खालचे ढग जवळजवळ तेवढीच उष्णता खाली पाठवतात आणि गळती दहा-वीस वॉटवर येते. एकाच तारखेला, हवेच्या एकाच आकड्याला, एक रात्र ढगाळ आणि दुसरी चांदण्यांची असेल तर रस्त्यात चार-पाच अंशांचा फरक पडतो, तो इथून येतो.

वारा असेल तर वरची जरा उबदार हवा सारखी खाली ढवळली जाते आणि रस्त्याची भरपाई होत राहते. वारा पडला की ती भरपाईही थांबते. आमच्या खोलीत संध्याकाळी हवेच्या आकड्यापेक्षा आधी आभाळ आणि वारा पाहिला जातो, तो यासाठी.

३. हे कोडं आमच्या घरच्या अंगणातही होतं, मी ते इथे येऊन ओळखलं.

माझा मामेभाऊ भिलारकडे स्ट्रॉबेरी करतो. एका जानेवारीत त्याचा सकाळी सकाळी फोन आला. “ताई, पेपरात महाबळेश्वर सात अंश छापलंय. आणि माझ्या पानांवर पांढरं कसं काय?”

वेण्णा लेकची जेटी, लिंगमळ्याची बाजू, गाड्यांचे टप, स्ट्रॉबेरीची पानं यांवर दव गोठल्याच्या बातम्या थंडीत येतात. त्याच वेळी महाबळेश्वरच्या वेधशाळेचा आकडा शून्याच्या चांगला वर असतो. यात कुणीच खोटं बोलत नाही. पान पातळ असतं, त्याच्या पोटात उष्णतेचा साठा नसतो, आणि ते थेट आभाळाखाली पसरलेलं असतं. शांत, निरभ्र रात्री गवताच्या उंचीवरचं तापमान पेटीतल्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी सहज खाली जातं. त्यात तलावाकाठची खोलगट जागा. उतारावरची गार, जड हवा रात्रभर तिथे येऊन साठते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सातचं शून्य होतं.

मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. “मग आमचा रस्ता का नाही गोठत?” कारण आपल्याकडे जानेवारीतही सूर्य दुपारी चांगला वर असतो. डांबर दिवसभर तापतं, आणि ती ऊब खालच्या खडी-मातीत उतरून रात्रभर वर येत राहते. इथे डिसेंबरअखेर सूर्य भर दुपारी क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपासच चढतो आणि आठ तासांत मावळतो. रस्त्याच्या पोटात साठवायला काही येतच नाही.

४. थंड रस्ता आणि गोठलेला रस्ता यांच्यामध्ये पाणी असावं लागतं.

रस्ता उणे दोनवर आहे एवढ्यावर मी मिठाचे ट्रक पाठवत नाही. कोरडा ठणठणीत रस्ता उणे पाचवरही टायरला नीट धरून ठेवतो. ओलावा कुठून येणार, हे आधी शोधावं लागतं.

त्यासाठी आमच्या पडद्यावर रस्त्याच्या तापमानाशेजारी ड्यू पॉइंट असतो. हवा ज्या तापमानाला आली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते, तो आकडा. रस्ता उणे दोन आणि ड्यू पॉइंट उणे चार असेल, तर हवेतून रस्त्यावर काहीच बसणार नाही. रस्ता उणे दोन आणि ड्यू पॉइंट उणे अर्धा असेल, तर वाफ पाणी न होताच थेट पांढऱ्या तुषाराच्या रूपात रस्त्यावर जमते. तो निदान डोळ्यांना दिसतो. ड्यू पॉइंट शून्याच्या वर असेल, तर आधी दव पडतं, रस्ता ओला होतो आणि मग त्या ओलाव्याची पातळ काच बनते. तिलाच ब्लॅक आइस म्हणतात. ती पारदर्शक असते, म्हणून तिच्यातून खालचं काळं डांबर जसंच्या तसं दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो.

ओल्या रस्त्याची आणखी एक गोष्ट आहे. हवा कोरडी असेल तर पाणी सुकताना रस्त्याची उष्णता घेऊन जातं. हवा ३ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर वाऱ्यात सुकणारं पाणी निव्वळ बाष्पीभवनाने शून्याच्या किंचित खाली जाऊ शकतं. निरभ्र आभाळ त्याच्या जोडीला आलं, तर पुढचं काही सांगायला नको.

५. सगळ्यात अवघड रात्र गारठ्याची नसते, पाऊस थांबल्यानंतरची असते.

अशी एक रात्र आकड्यांनिशी सांगते, म्हणजे आमचं काम कुठे अडतं ते दिसेल.

दुपारी चार वाजता पाऊस चालू, हवा ६, रस्ता ५. आत्ता मीठ टाकलं तर ते वाहून गटारात जाईल. संध्याकाळी सातला पाऊस थांबतो, पण ढग आहेत. हवा साडेचार, रस्ता ३.८. आठ वाजता पश्चिमेकडून आभाळ मोकळं व्हायला लागतं आणि वारा मंदावतो. नऊला हवा ३.८, पण रस्ता १.९. दहाला हवा ३.२, रस्ता ०.४. साडेदहाला रस्ता शून्यावर. घरी निघालेल्या माणसाच्या गाडीत या क्षणी ३ दिसत असतात.

शून्यावर आल्याबरोबर पाणी गोठत नाही. आधी त्याला आपली सुप्त उष्णता सोडावी लागते. रस्त्यावर अर्धा मिलिमीटर पाणी उरलं असेल, तर ते चौरस मीटरला अर्धा किलो होतं. ते गोठवायला सुमारे १६७ किलोजूल काढावे लागतात. ८० वॉटच्या गळतीने हिशेब केला तर पस्तीस मिनिटं. प्रत्यक्षात जमीन खालून थोडी ऊब देते, म्हणून साधारण तासभर धरायचा. तेवढा वेळ पडद्यावरची रस्त्याची रेघ शून्यावर आडवी चालते. नवख्या माणसाला वाटतं, रस्ता सावरला, आता खाली जात नाही. खरं तर ती आडवी रेघ म्हणजे बर्फ होत असल्याची खूण असते. साडेअकराच्या सुमाराला रेघ पुन्हा खाली वळते, म्हणजे काम झालेलं असतं. पहाटे रस्ता उणे दोन, आणि पेटीतली हवा मात्र रात्रभरात एकदाही शून्याच्या खाली गेलेली नसते.

आता मीठ. ते चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं, तपकिरी, खडेदार असतं. नुसत्या पांढऱ्या तुषाराची शक्यता असेल तेव्हा चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास पुरतं. पण त्या अर्ध्या किलो पाण्यात दहा ग्रॅम मीठ म्हणजे दोन टक्क्यांचं पाणी, आणि ते उणे सव्वा अंशाला गोठतं. आपल्याला पहाटे उणे दोन अपेक्षित आहे. म्हणजे वीस ग्रॅम लागणार, तेव्हा कुठे गोठणबिंदू उणे सव्वादोनच्या पलीकडे जाईल. शिवाय एका ट्रकला आपला मार्ग पुरा करायला दोन-तीन तास लागतात. सातच्या आधी टाकलं तर वाहून जाणार, साडेदहानंतर टाकलं तर उशीर. जेमतेम साडेतीन तासांची फट असते आणि तिच्यात सगळे ट्रक फिरून यायला हवेत. ढग अंदाजापेक्षा तासभर आधी फाटले, तर ती फट अडीच तासांची होते. मी खिडकीतून चांदण्या शोधत बसते, ते या एका तासापायी.

६. एका रस्त्याला एकच तापमान नसतं.

बर्मिंगहॅम विद्यापीठातले जॉन थॉर्न्स आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात इन्फ्रारेड थर्मामीटर गाडीला लावून रात्री रस्त्यांवरून फिरले आणि त्यांनी रस्त्यांचे तापमान-नकाशे काढले. ढगाळ आणि वाऱ्याच्या रात्री रस्ता जवळपास सारखा निघतो. निरभ्र, शांत रात्री मात्र एकाच काउंटीत सगळ्यात ऊबदार आणि सगळ्यात गार तुकड्यांत आठ-दहा अंशांचाही फरक पडू शकतो. आणि गार तुकडे बहुतेक वेळा तेच ते असतात.

पहिल्यांदा असा नकाशा पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, कारण प्रत्येक चढउताराला कारण होतं. मोकळ्या माळावरचा रस्ता सबंध आभाळाला सामोरा असतो, तो गार. दोन्ही बाजूंना घरं असलेला रस्ता आभाळाचा थोडाच भाग बघतो, तो ऊबदार. झाडांची गोष्ट दुहेरी आहे. रात्री फांद्या रस्त्याला आभाळापासून झाकतात, पण दिवसा त्याच ऊन अडवतात. त्यामुळे दाट झाडीच्या उत्तरेकडचा वळणाचा तुकडा दुपारपर्यंत गोठलेला राहू शकतो. दरीच्या तळाशी उतारावरची गार हवा साठते. मोठ्या रस्त्यावर वाहनांची वर्दळ हवा ढवळते आणि थोडी ऊबही देते, म्हणून त्याला येऊन मिळणारी गावाकडची गल्ली त्याच्याहून गार असते.

पूल सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांचं कारण नीट समजून घ्यावं. पुलाखाली जमीन नसते, म्हणजे खालून येणारी ऊब नाही, आणि वरखाली दोन्हीकडून उष्णता जाते. म्हणून तो लवकर शून्यावर येतो. पण जाड काँक्रीटचा पूल दिवसाची ऊब बराच वेळ धरतो आणि संध्याकाळी शेजारच्या रस्त्याहून गरमही असू शकतो. पातळ पोलादी पूल मात्र तासाभरात बदलतो.

७. ऊबदार हवा आली म्हणून धोका टळत नाही.

आठवडाभर कडाका पडला, जमीन खोलवर गार झाली, आणि मग अटलांटिककडून दमट, ५-६ अंशांची हवा आली की लोकांना हायसं वाटतं. आमच्या खोलीत त्या दुपारी कुणी हसत नाही. रस्ता अजून उणे दोनवर असतो. त्या दमट हवेचा ड्यू पॉइंट असतो चार. म्हणजे वाफ गार डांबरावर बसते आणि बसल्या बसल्या गोठते. पाऊस आला तर थेंब पडताक्षणीच काच होतो. गाडीतला आकडा वर चढत जातो आणि रस्ता त्याच वेळी निसरडा होत जातो. यात पुलाचं वागणं उलटतं. खाली थिजलेली जमीन नसल्यामुळे पातळ पूल हवेबरोबर चटकन ऊबदार होतो, आणि बर्फ उरतो तो पुलाच्या पुढे-मागे. पुलावर टायर नीट चालले म्हणून वेग वाढवलेला माणूस तिथेच घसरतो.

८. रस्ता मोजणारी यंत्रंही एका जागेचंच सांगतात.

डांबरात बसवलेला सेन्सर तळहाताएवढा असतो. पृष्ठभागाचं तापमान, ओलावा, उरलेलं मीठ, त्यावरून पाणी किती अंशाला गोठेल, हे सगळं तो त्या तळहाताएवढ्या जागेपुरतं सांगतो. पुढचा सेन्सर कित्येक मैलांवर. मधल्या भागासाठी तापमान-नकाशा आणि अंदाजाचं गणित यांवर विसंबावं लागतं. शेतातून झिरपून रस्त्यावर येणारं पाणी कुठल्याच गणितात नसतं. ते ट्रकचालकांना माहीत असतं. त्यांच्यातले एक जुने गृहस्थ प्रत्येक फेरीनंतर मला सांगतात, “अमक्या वळणावर कुंपणाखालून पाणी येतंय.” ते मी लिहून घेते आणि तिथे जास्त मीठ जातं.

हातातली इन्फ्रारेड बंदूक फार उपयोगी आहे, पण तिची सवय करून घ्यावी लागते. ती फक्त वरचा पातळ थर वाचते. तिरपी धरली तर ओल्या रस्त्यात उमटलेलं गार आभाळ तिच्या नजरेत मिसळतं आणि आकडा खोटा खाली जातो. सरळ खाली धरायची, वेगवेगळ्या जागी वाचायचं, चाकोरीत एक आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये एक. आणि उणे एक दिसलं तरी खाली पाणी आहे, खारं पाणी आहे की बर्फ, हे ती सांगत नाही.

गाडी चालवणाऱ्यापाशी यातलं काहीच नसतं. मला कुणी विचारलं तर मी सांगते की रस्ता ओला दिसतोय ना, मग पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचा तुषार उडतोय का बघा. ओल्या रस्त्यावर तो उडतो आणि टायरांचा ‘सर्रर्र’ आवाज येत राहतो. रस्ता ओला दिसतो आहे, पण तुषार नाही आणि टायरांचा आवाज एकदम बंद झाला, तर खाली पाणी नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ ठेवायचं, पाय अलगद उचलायचा. आणि निघण्याआधी काट्यावर ३ दिसले, तर एकदा मान वर करून आभाळ पाहायचं. संध्याकाळी पाऊस झाला होता आणि आता चांदण्या आहेत, तर तो तीनचा आकडा हवेचाच आहे असं समजायचं.